मडगावातून चार दिवस सेल्फ ड्राइव्ह गाडी: रोजभाडं घ्यावं की किलोमीटरवर?

मडगाव_मुक्काम
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मडगावात राहतो, दाराशी फक्त स्कूटर. पुढच्या गुरुवारी आई, बाबा आणि मावशी नागपूरहून मोपाला उतरतायत, दुपारी साडेबाराला. सोमवारी सकाळी अकराचं परतीचं विमान, तेही मोपाहूनच. गाडी मीच चालवणार. बेत असा: शुक्रवारी कवळे, मंगेशी आणि जुनं गोवं, शनिवारी काब द राम करत पाळोळे, रविवारी बाणावली-कोलवा आणि आराम.

दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे वॅगनआर.

पहिला कोलव्याचा एक स्थानिक माणूस. रोज १५०० रुपये, कितीही फिरा, पेट्रोल आपलं. मडगावात घरी गाडी आणून देतो आणि घरूनच नेतो. डिपॉझिट ३००० रोख, गाडी परत दिली की हातात परत. नुकसानीचं विचारलं तर म्हणाला, "काय झालं तर बघू, रिपेअरिंग तुमचं."

दुसरी एक ऍपवाली कंपनी. रोज ९०० रुपये, त्यात दिवसाला ८० किलोमीटर, त्यावर किलोमीटरला ९ रुपये. पेट्रोल आपलं. डिपॉझिट ५०००, सात दिवसांत खात्यात. नुकसानीची जबाबदारी १०,००० पर्यंत, पण अटी तीन पानी आहेत आणि अक्षर मुंगीएवढं. गॅरेज पर्वरीला.

मला वाटतं दुसरी स्वस्त पडेल. कुणी हिशेब तपासून देईल का?

सौ_तळेगाव
अहो, ड्रायव्हरसकट टॅक्सीच करा ना. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा कळंगुटहून टॅक्सी केली होती. ड्रायव्हर इतका चांगला होता की सासूबाईंना हात धरून मंगेशीच्या पायऱ्या चढवल्या. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

मडगाव_मुक्काम
ताई, धन्यवाद, पण गाडी मला स्वतःच चालवायची आहे. चार दिवस टॅक्सी उभी ठेवणं खिशाला झेपणार नाही.

रिकामा_कोपरा
यात हिशेब कसला? किलोमीटरवाली कधीही स्वस्त. गोवा एवढंसं आहे, फिरून फिरून किती फिरणार? आणि नुकसानीचं टेन्शन कशाला घेता, गाडीला इन्शुरन्स असतोच. कंपनी भरते.

हिशेबनीस
रिकामा_कोपरा, पहिलं विधान अर्धं बरोबर आहे. इन्शुरन्सबद्दल जाणकार बोलतील, मी भाड्यापुरतं बोलते.

रोजच्या भाड्यात फरक ६०० रुपयांचा आहे. ९ रुपयांनी ६०० म्हणजे साधारण ६७ किलोमीटर. म्हणजे दिवसाला ८० अधिक ६७, सरासरी १४७ किलोमीटरच्या आत राहिलात तर दुसरी गाडी स्वस्त, त्यापुढे पहिली. चार दिवसांचे ५८८.

आता तुमचा बेत. मडगाव ते मोपा एका वेळी ७५ च्या आसपास. गुरुवारी आणायला जाऊन-येऊन १५०, सोमवारी सोडायला पुन्हा १५०. शुक्रवारची देवळं आणि जुनं गोवं मिळून ९०, शनिवार १००, रविवार ३०. झाले ५२०. रस्ता चुकणं, संध्याकाळी जेवायला बाहेर जाणं वगैरे धरून ५५० म्हणा. भाड्यातले चार दिवसांचे ३२० वजा जाता २३० किलोमीटर वरचे, त्याचे २०७०. म्हणजे दुसरी गाडी ५६७० आणि पहिली ६०००. ३३० रुपयांसाठी तीन पानी अटी वाचायच्या का, हे तुम्ही ठरवा.

पण थांबा, गॅरेज पर्वरीला आहे म्हणालात. किलोमीटर कुठून मोजतात ते विचारलंत का? पुष्कळ ठिकाणी गाडी गॅरेजातून निघाली की मीटर सुरू आणि गॅरेजात परत पोचली की बंद. पर्वरी-मडगाव येऊन-जाऊन ८० धरा. त्याचे ७२० वाढले की दुसरी गाडी ६३९० ला गेली, म्हणजे पहिलीपेक्षा महाग.

मडगाव_मुक्काम
बापरे. आत्ता त्यांना विचारलं. हो, गॅरेज ते गॅरेजच मोजतात. पान दोनवर लिहिलंय म्हणे.

हिशेबनीस
मग गाडी मडगावात मागवूच नका. गुरुवारी सकाळी तुम्ही कदंबाच्या विमानतळ बसने मोपाला जा, गाडी तिथे ताब्यात घ्या आणि सोमवारी तिथेच परत देऊन बसने घरी या. तुमच्या दोन रिकाम्या फेऱ्या वाचल्या, १५० किलोमीटर कमी. राहिले ४००. पर्वरी-मोपा त्यांच्या येण्या-जाण्याचे ६० मिळवा, ४६०. वरचे १४०, त्याचे १२६०. एकूण ४८६०. शिवाय १५० किलोमीटरचं पेट्रोल वाचलं. लिटरला १६ आणि भाव ९७ धरला तरी नऊशेच्या घरात जातं. तुमचं बसचं तिकीट त्यातून निघून वर उरेल.

वेळेचंही बघा. मडगावात गुरुवारी सकाळी दहाला गाडी घेतली आणि सोमवारी दुपारी दोनला दिली तर शंभर तास होतात. चार दिवस म्हणजे ९६. वरच्या चार तासांचे कोणी तासाप्रमाणे घेतो, कोणी सरळ पाचवा दिवस लावतो. मोपाला दुपारी साडेबारा ते सोमवारी साडेनऊ म्हणजे ९६ च्या आत बसता.

आणि एक विचाराच. ८० किलोमीटर रोजचे वेगळे धरतात की चार दिवसांचे मिळून ३२०? रोजचे वेगळे असतील तर रविवारी तुमचे ५० वाया जातील आणि त्याचे ४५० रुपये बाकीच्या दिवसांच्या बिलात निघतील.

कोल्हापुरी_ठसका
एवढा जोडभागाकार कशाला राव. मित्राच्या ओळखीनं पांढऱ्या पाटीची गाडी घ्या. आम्ही नेहमी तसंच करतो, हजारात मिळते, डिपॉझिट नाही, कागद नाही, काही नाही. विचारलं कोणी तर सांगायचं पाहुण्याची गाडी आहे.

बार्देशकर
ठसकाबाब, हे नका सांगू लोकांना. मी म्हापशात रेंट-अ-कॅबच्या धंद्यात आहे, म्हणजे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. पण गोष्ट स्वार्थाच्या पलीकडची आहे.

सेल्फ ड्राइव्हसाठी परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. टॅक्सीची उलट, पिवळी पाटी काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वापराची गाडी आणि तिचा विमाही खाजगी वापराचाच. ती भाड्याने दिली होती हे विमा कंपनीला कळलं की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला कारण मिळतं. मग मालक पैसे कोणाकडे मागणार? तुमच्याकडेच. आणि वाहतूक खात्याने रस्त्यात पकडली तर दंड मालकाला होईल हो, पण आई-बाबा, मावशी आणि बॅगा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे तुम्ही राहणार.

रेंट-अ-कॅबच्या १९८९ च्या योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. छोट्या मालकाकडे तेवढ्या कुठून येणार? म्हणून आमच्यासारखे काहीजण एका परवानाधारकाकडे गाडी लावतात. त्यामुळे कोलव्याच्या माणसाकडे चारच गाड्या दिसल्या म्हणून तो लगेच खोटा ठरत नाही. आधी पाटी बघा, मग करारावर नाव कोणाचं आहे ते बघा.

कोल्हापुरी_ठसका
आम्हाला आजवर कोणी अडवलं नाही, एवढंच म्हणतो.

रिकामा_कोपरा
बार्देशकर, काळ्या पाटीच्या गाडीला तर विमा असतोच ना? मग माझं काय चुकलं?

बार्देशकर
विमा असतो, पण तो मालकाचा. दावा करायचा की नाही हे तो ठरवतो. बंपरला ओरखडा गेला, बाहेर डेंट-पेंटवाला अडीच-तीन हजारात करून देतो. एवढ्यासाठी दावा केला तर पुढच्या वर्षी हप्त्यातली नो-क्लेमची सूट जाते, शिवाय दाव्यातली ठरावीक रक्कम मालकाला स्वतः भरावीच लागते. म्हणून लहान कामाला कोणी दावा करत नाही, गिऱ्हाइकाकडून घेतात. मीही घेतो.

आणि विमा जे देतच नाही ते म्हणजे गाडी गॅरेजात उभी राहिल्याचे दिवस. धंद्यात खरं भांडण होतं ते यावरून. हिशेबनीस यांनी भाड्याचा हिशेब केला, छान केला, पण तो हजार-दीड हजाराचा फरक आहे. उभ्या दिवसांचा फरक त्याच्या कितीतरी पट निघू शकतो.

उदाहरण देतो. आमच्याकडे गावातले रस्ते अरुंद आणि दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. समोरून बस आली, तुम्ही मागे घेतली, मागचा बंपर चिऱ्याला घासला. रंग ३०००. पण गॅरेजवाल्याकडे रांग, रंग सुकायला वेळ, गाडी तीन दिवस उभी. कोलव्यावाला त्या तीन दिवसांचं भाडंही मागेल, १५०० प्रमाणे ४५००. झाले ७५००. तुमचं ३००० चं डिपॉझिट गेलं आणि वर साडेचार हजार द्यायचे.

आता मोठी धडक धरा. पुढचा भाग गेला, दावा झाला, सर्व्हेअर आला, पार्ट मागवले, गाडी वीस दिवस उभी. दुरुस्ती विम्यातून बरीचशी निघेल. वीस दिवसांचं भाडं, १५०० प्रमाणे ३०,००० रुपये, कोण देणार? "काय झालं तर बघू" या वाक्यात हे तीस हजार लपलेले आहेत.

मालकाच्या बाजूनेही बघा. माझ्या गाडीवर बँकेचा हप्ता आहे, तो उभ्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून मी उभ्या दिवसांचं घेतो, पण अर्ध्या भाड्याने आणि जास्तीत जास्त सात दिवस, आणि ते करारात लिहून देतो. सगळे लिहून देत नाहीत.

मडगाव_मुक्काम
म्हणजे ऍपवाली सुरक्षित? तिथे १०,००० ची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे.

बार्देशकर
मर्यादा कशावर आहे ते वाचा. उभ्या दिवसांचे पैसे त्या दहा हजारांच्या आत आहेत की वेगळे? वेगळे असतील तर वीस दिवसांचे ९०० प्रमाणे १८,००० वर चढले. कोलव्यावाल्यापेक्षा कमी, पण दहा हजारांवर भागलं असं नव्हे.

मग मर्यादेतून काय काय वगळलंय ते शोधा. साधारणपणे टायर, रिम, काच, क्लच, गाडीचा तळ, किल्ली हरवणं आणि पाण्यात गाडी घालणं बाहेर असतं. क्लचवरून वाद फार होतात. चढणीवर ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली की जळतो. जळाल्याचा वास येतो आणि ऍक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. पण तो आधीच्या दहा जणांनी अर्धा झिजवलेला असतो आणि तुमच्या हातात जातो. गाडी घेताना हँडब्रेक लावा, तिसऱ्या गियरमध्ये घालून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत चालूच राहिलं तर ती गाडी घेऊ नका. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको, नाहीतर तुम्हीच जाळाल.

आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालू नका. एक तर गोव्यात मनाई आहे, दुसरं म्हणजे रुतली की भरतीचं खारं पाणी इंजिनात जातं. त्या नुकसानीला विमा, मर्यादा, ओळख, काही कामाला येत नाही.

फोंडेकर
बार्देशकरांनी गडग्याचं म्हटलं ते अगदी खरं. माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात पर्यटकांसारखी गाडी भाड्याने घेतली, स्वतः गोंयकार असून. घेताना पाऊस पडत होता, गाडी ओली. ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. परत दिली त्या दिवशी कडक ऊन, आणि डाव्या दारावर तीन रेघा. मालक म्हणतो तुमच्या, हा म्हणतो आधीच्या. व्हिडिओ काढला होता, पण ओल्या गाडीचा. अर्धे पैसे देऊन मिटवलं. तेव्हा रुमालाने दारं पुसून मग शूटिंग करा.

हिशेबनीस
मोपाच्या पार्किंगमध्ये घेणार असाल तर दुपारची वेळ आहे, उजेड मिळेल, हे बरं. व्हिडिओत चारही रिम, बंपरची खालची कड, पुढची काच, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा एकाच फेरीत घ्या आणि तिथूनच मालकाला व्हॉट्सऍप करा. फोनमध्ये नुसता ठेवलेला व्हिडिओ कधी काढला यावर वाद घालता येतो, पाठवलेल्यावर वेळ उमटते.

सौ_तळेगाव
बाई गं, एवढं सगळं! म्हणूनच मी म्हटलं टॅक्सी.

मडगाव_मुक्काम
हा हा, ताई, आता मलाही मोह होतोय.

पेट्रोलचं राहिलं. दोघेही म्हणतात "जेवढं देऊ तेवढं परत द्या". यात काही खोच?

बार्देशकर
खोच काट्यात असते. डिजिटल काट्यावर सात-आठ रेघा, एक रेघ म्हणजे चारेक लिटर. रेघ नुकतीच आलेली आणि आता जायला टेकलेली, दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात. गाडी ज्या मॉडेलची असेल त्यात "अजून इतके किलोमीटर जाईल" असा आकडा दिसत असेल तर त्याचाही फोटो घ्या. तो आधीच्या चालवण्यावर ठरतो, त्यामुळे नेमका नसतो, पण रेघेपेक्षा बरा.

आमच्याकडे बरेचजण गाडी रिझर्व्हवर देतात. त्यात फसवणूक नाही, पण उलट बाजू अशी की परत देताना टाकीत तुमचे सहा लिटर उरले तर ते कोणी परत करत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी टाकी फुल करू नका. तुमच्या ४०० किलोमीटरला २५ लिटर लागतील, म्हणजे चोवीसशेचं. दीड हजाराचं पहिल्या दिवशी भरा आणि उरलेलं शनिवारी रात्री काटा बघून ठरवा. सोमवारी परत जाताना म्हापशात शेवटचं भरा आणि तिथून मोपापर्यंत दीडेक लिटर जळतं तेवढं वर घाला.

हिशेबनीस
आणि दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घाला. बाबा "जरा मी घेतो" म्हणाले आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर मर्यादाबिर्यादा सगळं विसरा.

मडगाव_मुक्काम
बाबा तसं म्हणणारच आहेत. घालतो नाव.

आज दोघांशी पुन्हा बोललो. ऍपवाल्यांचं ईमेल आलं: किलोमीटर चार दिवसांचे मिळून ३२० धरतात. उभ्या दिवसांचे पैसे मात्र १०,००० च्या बाहेर, पूर्ण भाड्याने, दिवसांना मर्यादा नाही. कोलव्यावाल्याला बार्देशकरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "अर्ध्या भाड्याने, जास्तीत जास्त सात दिवस, लिहून द्या". आधी हसला, मग म्हणाला व्हॉट्सऍपवर लिहून देतो, पण डिपॉझिट ५००० करा. दुरुस्तीला वरची मर्यादा लिहून द्यायला मात्र तयार नाही. गाडीची पाटी काळी आहे, फोटो मागवून बघितला.

रिकामा_कोपरा
मग ऍपवाली ४८६० आणि हा ६०००. अकराशे रुपये जास्त देऊन मर्यादा नसलेली गाडी घेणार? मला नाही पटत.

बार्देशकर
मला पटतं, पण तुमचं म्हणणंही चूक नाही. लहान ओरखड्यात ऍपवाली थोडी स्वस्त पडेल. मोठ्या धडकेत दुरुस्तीपुरती ऍपवाली सुरक्षित, उभ्या दिवसांपुरता कोलव्यावाला: सात दिवस अर्ध्याने म्हणजे ५२५० वर थांबतो. कोलव्यावाल्याला एक प्रश्न अजून विचारा: मोठं नुकसान झालं तर दावा करणार का, आणि केला तर माझ्याकडून फक्त विम्याने न दिलेली रक्कम घेणार का? हो म्हणाला आणि लिहून दिलं तर तीच तुमची मर्यादा समजा.

हिशेबनीस
मी ऍपवाली घेईन. चार दिवस आई-बाबांना घेऊन जाणारा माणूस जपूनच चालवतो, धडकेची शक्यता कमी. अकराशे रुपये मात्र नक्की आहेत.

फोंडेकर
मी कोलव्यावाला घेईन. काही झालं तर समोर बसून बोलायला माणूस आहे. ऍपच्या कस्टमर केअरला मालकाचा चेहरा नसतो.

मडगाव_मुक्काम
उद्या कोलव्यावाल्याला दाव्याचं विचारतो, त्यावर ठरवतो. शेवटचा प्रश्न: रविवारी आराम रद्द करून मावशीला तेरेखोलचा किल्ला दाखवायचा विचार आहे. दोघांच्याही करारात "गोव्याबाहेर नेऊ नये" आहे. तेरेखोल तर गोव्यातच ना?

बार्देशकर
किल्ला गोव्यात, पण नदीपलीकडे. रस्त्याने गेलात तर आरोंदा-रेडीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून जावं लागतं, आणि गाडीत जीपीएस असतं. केरीहून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जा, म्हणजे हद्द ओलांडायचा प्रश्न येत नाही. फेरीवर गाडी चढवताना रॅम्पला पुढचा बंपर खालून घासतो तेवढं सांभाळा, तळाचं नुकसान मर्यादेत नसतं.

हिशेबनीस
आणि मडगाव ते केरी येऊन-जाऊन दीडशेच्या वर जातं. ऍपवाली घेतलीत तर रविवारचा हिशेब पुन्हा करा, हजाराचा फरक तिथेच पडेल.

सौ_तळेगाव
मंगेशीला मात्र सकाळी लवकर जा हो, नंतर पार्किंग मिळत नाही.